पीपीटीतून प्रसिद्धिपत्रक : नवं काय आणि ते कुणी तपासलं?



गटाचा नवा माल बाजारात यायचा झाला की पहिली तयार होते ती पीपीटी. गटातल्या कुणाची तरी कॉलेजात शिकणारी मुलगी बसते, फोटो लावते, आलेख काढते, रंग भरते आणि बारा-पंधरा स्लाइडी होतात. बँकेच्या साहेबांना, पंचायत समितीत, शुभारंभाच्या कार्यक्रमात तीच दाखवतात. कार्यक्रमाला दोन दिवस उरले की कुणीतरी म्हणतं, "पेपरवाल्यांना प्रेस नोट द्यायला हवी." मग त्याच स्लाइडींवरचा मजकूर एकाखाली एक उतरवला जातो, वर 'प्रसिद्धीसाठी' असं लिहिलं जातं आणि कागद निघतो.

असे कागद आमच्या केंद्रावरही येतात. तीन पानं वाचून झाली तरी माल कुठे मिळतो, केवढ्याला मिळतो आणि कधीपासून मिळतो हे कळत नाही. म्हणून आजच्या बोलण्यात आपण एकच काम हातात घेऊ. पीपीटी समोर ठेवायची आणि तिच्यातून एका पानाचं प्रसिद्धिपत्रक काढायचं.

दोन्हींत मुळातच फरक आहे. पीपीटी दाखवताना आपण शेजारी उभ्या असतो. एखादा शब्द जड झाला तर तोंडी सांगता येतं, कुणी शंका काढली तर तिथंच उत्तर देता येतं. पत्रक मात्र एकटं जातं. ते वाचणाऱ्या बातमीदाराने आपल्याला पाहिलेलं नसतं आणि त्याच्याकडे वेळ नसतो. त्यातून छापून आलेली बातमी वाचून कुणी दहा किलोमीटरवरून दुकानात येतं. तिथे पाकीट नसेल किंवा छापल्यापेक्षा जास्त पैसे मागितले, तर तो माणूस पत्रकाला दोष देत नाही. गटावरचा त्याचा विश्वास उडतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, अकोले तालुक्यातल्या चौदा बायकांच्या गटाने नाचणी-गुळाची बिस्किटं केली आहेत. तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शुभारंभ आहे. पीपीटीत बारा स्लाइडी आहेत. नाव आणि फोटो, गटाचा प्रवास, मुलं मैद्याची बिस्किटं खातात ही अडचण, आपली बिस्किटं कशाची आहेत, त्यांचे गुण, तपासणीचा अहवाल, किंमत, रोजचं उत्पादन, विक्री कुठे होणार, भरडधान्यांचा बाजार किती वाढतोय याचा आलेख, बँकेकडे मागितलेलं कर्ज आणि शेवटी आभार.

पहिलं काम म्हणजे स्लाइडींतलं प्रत्येक विधान वहीत वेगळ्या ओळीवर उतरवायचं. प्रत्येक ओळीपुढे तीन शब्दांपैकी एक लिहायचा : झालं, ठरलं किंवा हवं.

'झालं' म्हणजे जे आज दाखवता येतं. बिस्किटं तयार आहेत, पाकिटावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापला आहे, तालुक्यातल्या बावीस किराणा दुकानांनी माल ठेवायला होकार दिला आहे आणि त्या दुकानांची यादी सचिवबाईंच्या वहीत आहे. 'ठरलं' म्हणजे ज्याची तारीख पक्की आहे आणि जे करणं आपल्याच हातात आहे. तीन जानेवारीपासून विक्री, दोनशे ग्रॅमच्या पाकिटाला साठ रुपये. 'हवं' म्हणजे आपली इच्छा. पुढच्या वर्षी पाच जिल्ह्यांत माल जावा, कर्ज मिळून मोठी भट्टी यावी, रोज पाचशे पाकिटं व्हावीत.

स्लाइडीवर या तिन्ही गोष्टी सारख्याच ठळक अक्षरांत असतात, कारण बँकेला आपली इच्छाही ऐकायची असते. पत्रकात मात्र घोषणा म्हणून 'झालं' आणि 'ठरलं' एवढंच जातं. कर्जाचा अर्ज दिला आहे, याचा अर्थ कर्ज मंजूर झालं असा होत नाही. 'बँकेच्या सहकार्याने' असे दोन शब्द कौतुकाने लिहिले आणि बँकेनं अजून काहीच कळवलेलं नसलं, तर पेपर वाचून पहिला फोन बँकेतून येतो. कुणाचंही नाव पत्रकात घालायचं तर त्यांना आधी विचारायचं.

काही ओळी खऱ्या असूनही बाहेर द्यायच्या नसतात. दुकानदाराला पाकीट अठ्ठेचाळीस रुपयांना देतो, हे किमतीच्या स्लाइडीवर आहे. बँकेला ते कळायला हवं, पण पेपरात छापून आलं तर गिऱ्हाईक दुकानदाराशी बारा रुपयांवरून वाद घालेल आणि दुकानदार आपला माल मागच्या फळीवर ठेवेल. बाजाराच्या आलेखाचंही तेच. आलेख खरा असला तरी त्यात आपल्या गटाची बातमी नाही.

एवढी चाळण केली की बारा स्लाइडींतून चारच गोष्टी उरतात. नवी बिस्किटं कुणी केली, ती कधीपासून आणि कुठे मिळणार, किती रुपयांना मिळणार आणि त्यांत काय आहे. कमी वाटतात ना? पण याच आपल्या घोषणा आहेत.

आता या चारांतल्या आकड्यांकडे वळू. स्लाइडीवरचा आकडा बहुतेक वेळा एकटा असतो, त्याची अट वक्त्याच्या तोंडी असते. पत्रकात आकड्याच्या शेजारीच अट लिहावी लागते.

आपल्या सगळ्यांना आठवणारं एक मोठं उदाहरण बघा. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत रतन टाटांनी नॅनो गाडी लोकांना दाखवली. किंमत सांगितली एक लाख रुपये. ही डीलरकडची किंमत होती, व्हॅट आणि वाहतुकीचा खर्च तिच्यावर वेगळा होता. शिवाय त्या दिवशी गाडी नुसती दाखवली होती, ती बाजारात आली मार्च २००९ मध्ये. अट सांगूनही लोकांच्या तोंडी 'लाखाची गाडी' हेच राहिलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या आकड्यापासून अट सुटून पडते, मग आपल्या आकड्याची अट दुसऱ्या पानावर गेली तर ती कोण वाचणार? म्हणून 'फक्त साठ रुपयांत' असं न लिहिता 'दोनशे ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सर्व करांसह साठ रुपये' असं लिहायचं. आणि माल दाखवला आहे की विकायला ठेवला आहे, हेही पहिल्याच वाक्यात स्पष्ट हवं.

उत्पादनाचा आकडाही असाच तपासावा लागतो. आज रोज दीडशे पाकिटं होतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तीन हजार सातशे पन्नास. बावीस दुकानांत वाटली तर एका दुकानाला महिन्याला साधारण एकशे सत्तर, म्हणजे दिवसाला पाच-सहा पाकिटं. हा हिशोब केला की 'संपूर्ण जिल्ह्यात उपलब्ध' असं लिहायला हात धजत नाही. बातमी जिल्हाभर गेली आणि पहिल्या आठवड्यातच दुकानं रिकामी झाली, तर त्या बातमीने आपलं नुकसानच केलं. 'अकोले तालुक्यातल्या बावीस दुकानांत' हे छोटं दिसतं, पण ते खरं ठरतं.

सगळ्यात जास्त सांभाळायची स्लाइड गुणांची. तिच्यावर तीन वाक्यं आहेत : 'साखरमुक्त', 'मधुमेहींसाठी वरदान' आणि 'कॅल्शियमचा खजिना'. कार्यक्रमात टाळ्या याच स्लाइडीला पडतात, आणि पत्रकात सगळ्यात धोकाही तिचाच.

'साखरमुक्त' घ्या. बिस्किटांत गूळ आहे. पांढरी साखर नसली तरी गुळात साखरच असते, फक्त ती उसाच्या रसापासून वेगळ्या वाटेने आलेली असते. अन्नाच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे नियम आहेत. साखर घातलेली नाही असं म्हणायचं तर साखरेचा कोणताही प्रकार किंवा साखर असलेला घटक घातलेला नसावा लागतो. म्हणून 'गोडीसाठी गूळ वापरला आहे' एवढंच लिहायचं. ते खरं आहे, आणि गूळ आवडणाऱ्याला तेच वाचायचं असतं.

'मधुमेहींसाठी वरदान' हे तर पूर्ण खोडायचं. खाण्याचा पदार्थ आजार बरा करतो किंवा टाळतो असा दावा करायला नियमांत मनाई आहे. नियम बाजूला ठेवला तरी विचार करा, एखाद्या घरातल्या आजीबाई पेपर वाचून रोज सहा बिस्किटं खायला लागल्या, आणि ती आहेत गुळाची. त्यांची साखर वाढली तर ते आपल्या शब्दामुळे होईल.

कॅल्शियमची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिच्यात खऱ्याचा अंश आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त, हे आहाराच्या तक्त्यांत मिळतं. पण हा आकडा नाचणीच्या दाण्याचा. आपल्या बिस्किटात नाचणीचं पीठ पंचेचाळीस टक्के आहे, बाकी गव्हाचं पीठ, गूळ आणि तूप. भाजताना पाणी उडतं, त्यामुळे नुसता गुणाकार करूनही नेमका आकडा येत नाही. तयार बिस्किट प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तो लिहिता येत नाही. आणि इथेच सहाव्या स्लाइडीवरचा अहवाल उघडून वाचायचा.

समजा, तो वाचताना सचिवबाई स्लाइडी करणाऱ्या मुलीला विचारतात, "बाळ, हा आकडा कुठला घेतलास?"

ती म्हणते, "काकू, अहवालातलाच आहे. हे बघा, खाली सही-शिक्कापण आहे."

"सही आहे गं. पण वर 'नमुना' म्हणून काय लिहिलंय ते वाच."

ती वाचते : "नाचणी पीठ."

चूक सापडण्याची जागा ही. अहवाल खरा आहे, शिक्का खरा आहे, पण नमुना पिठाचा आहे आणि आपण विकतोय बिस्किट. अहवालात तीन गोष्टी बघायच्या : नमुना कशाचा, तारीख कोणती आणि आकडा किती ग्रॅममागे आहे. तिन्ही जुळल्या तरच आकडा पत्रकात घ्यायचा. जुळत नसतील तर 'पंचेचाळीस टक्के नाचणीचे पीठ' हे लिहायचं. ते आपल्या मापाच्या वहीत आहे, कुणीही येऊन बघावं.

असाच आणखी एक शब्द म्हणजे 'पहिलेच'. 'महाराष्ट्रातील पहिलेच नाचणी बिस्किट' असं लिहिलं की ते कुणी मोजलं असा प्रश्न उभा राहतो. नाचणीची बिस्किटं अनेक ठिकाणी होतात. 'गटाचे पहिलेच उत्पादन' असेल तर तसं लिहा, ते आपल्याला नक्की ठाऊक असतं.

आता लिहायला बसू. पेपरमध्ये जागा कमी पडली की बातमी शेवटाकडून कापली जाते. म्हणून महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली. 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' या शब्दांनी सुरुवात केली तर पहिली ओळ आपल्या आनंदातच खर्च होते. स्लाइडींचा क्रमही इथे चालत नाही. तिथे आधी प्रवास, मग अडचण आणि मग माल येतो. पत्रकात माल पहिल्या वाक्यात आणि प्रवास शेवटी.

आपलं पत्रक असं होईल. हे लेखी भाषेत आहे, तसंच ठेवायचं :

"अकोले तालुक्यात नाचणी-गुळाची बिस्किटे विक्रीस

अकोले, ३ जानेवारी : तालुक्यातील चौदा महिलांच्या गटाने तयार केलेली नाचणी-गुळाची बिस्किटे आजपासून अकोले तालुक्यातील २२ किराणा दुकानांत विक्रीस उपलब्ध झाली आहेत. २०० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सर्व करांसह ६० रुपये आहे.

बिस्किटांत ४५ टक्के नाचणीचे पीठ असून त्यासोबत गव्हाचे पीठ, गूळ आणि तूप आहे. मैदा वापरलेला नाही. सध्या दररोज १५० पाकिटे तयार होतात.

'दिवाळीच्या सुमारास नाचणी निघाली की मिळेल त्या भावाला द्यावी लागायची. आता त्यातली थोडी आम्हीच दळून भट्टीला लावतो,' असे गटाच्या अध्यक्षांनी सांगितले.

गट २०१९ पासून कार्यरत असून बिस्किटे हे गटाचे पहिलेच उत्पादन आहे. दुकानांची यादी सोबत जोडली आहे."

याच्या खाली संपर्कासाठी नाव आणि फोन नंबर. गटाचं नावही पहिल्या वाक्यात येईल आणि अध्यक्षांचं पूर्ण नाव त्यांच्या बोलण्यासोबत. इथे आपलं उदाहरण समजण्यापुरतं आहे म्हणून नावं घातली नाहीत.

अध्यक्षांच्या बोलण्याबद्दल एक सांगायलाच हवं. पीपीटीत कुणाचं बोलणं नसतं, म्हणून पत्रक लिहिणारी ते स्वतःच रचते : 'हे उत्पादन ग्रामीण महिलांच्या सक्षमीकरणातील मैलाचा दगड ठरेल.' हे वाक्य कुठल्याही गटाच्या, कुठल्याही मालाला चालतं, म्हणून बातमीदार ते पहिल्यांदा कापतो. शिवाय अध्यक्षांना कुणी फोनवर विचारलं तर त्यांना ते आठवायचंही नाही. त्यापेक्षा त्यांच्याजवळ बसा, हे काम का सुरू केलं ते विचारा, त्या बोलतील ते उतरवून घ्या आणि वाचून दाखवून होकार घ्या. आकडे त्यांच्या तोंडी घालू नका, ते आधीच्या परिच्छेदांत आलेले आहेत. त्यांच्या बोलण्यातून कारण कळायला हवं.

पत्रक एक दिवस आधी द्यायचं असेल तर अगदी वर लिहायचं : '३ जानेवारी, दुपारी १२ नंतर प्रसिद्धीसाठी'. पत्रकात 'आजपासून' आहे, ते दोन तारखेलाच छापून आलं तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाईल. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून ईमेलमध्येच पाठवा. सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला तर कुणालातरी तो सगळा पुन्हा टाइप करावा लागतो, आणि त्यात साठाचे सोळा होतात. संपर्काला नंबर द्यायचा तो त्या दिवशी फोन उचलणाऱ्या बाईचा. अध्यक्षा मंचावर असतील, तर सचिवांचा द्या. त्यांच्या हातात हेच पत्रक, दुकानांची यादी आणि अहवाल असू द्या.

पाठवण्यापूर्वी दोन परीक्षा घ्यायच्या. पहिली, पहिला परिच्छेद सोडून बाकी कागद हाताने झाकायचा. तेवढीच बातमी छापून आली तर गिऱ्हाईक योग्य दुकानात, योग्य पैसे घेऊन पोचेल का? दुसरी, पीपीटी न पाहिलेल्या एखाद्या शेजारणीला पत्रक मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मग तिला विचारायचं : काय आहे, कुणी केलं, कुठे मिळतं, कधीपासून, केवढ्याला? ती जिथे अडखळेल तिथे दोष आपल्या वाक्याचा आहे. आणि ती म्हणाली, "म्हणजे वहिनी, साखर असलेल्यांना चालतील ना?" तर समजायचं, कुठेतरी अजून एखादा नको तो शब्द राहिला आहे. तो शोधून काढायचा आणि मगच कागद पाठवायचा.

आपल्या गटाचं पत्रक तयार झालं की दुकानांच्या यादीसकट केंद्रावर आणून द्या. मात्र निवेदिका 'आजपासून' वाचण्याआधी आम्ही यादीतल्या दोन दुकानांना फोन करून पाकिटं पोचली का ते विचारू. तेव्हा माल आधी पोचू द्या आणि मग पत्रक द्या.